दिव्यांची माळ घेताना आधी तार पाहावी

विजयादशमी आटोपते, दीक्षाभूमीवर लोटलेला जनसमुदाय आपापल्या गावी परततो, कोजागरीचे चांदणे अंगणातून ओसरते आणि नागपूरच्या बाजारपेठांना दिवाळीचे वेध लागतात. सीताबर्डीच्या पदपथांवर, इतवारीच्या गल्ल्यांत आणि महालातील लहानमोठ्या दुकानांपुढे विजेच्या दिव्यांच्या माळा लोंबू लागतात. दुकानदार एकामागून एक माळ लावून दाखवितो. एक लुकलुकते, दुसरी धावते, तिसरी पाण्याच्या धारेसारखी खाली ओघळते. गिऱ्हाईक रंग पाहते, लांबी विचारते, भाव करते आणि माळ पिशवीत टाकून पुढच्या दुकानाकडे वळते.

ह्या व्यवहारात एका वस्तूकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे त्या दिव्यांना जोडणारी तार. वस्तुतः आजच्या माळेतील दिवा हा तिचा सर्वांत निरुपद्रवी भाग आहे. तो फारसा तापत नाही, वीजही नगण्य खातो. धोका असतो तो तारेत, तिच्या टोकाच्या पिनमध्ये आणि मधल्या लहानशा डबीत. म्हणूनच आमचे वाचकांना सांगणे आहे, की माळ घेताना दिव्यांचा रंग मागाहून ठरवावा. २३० व्होल्टचा दाब ह्या माळेत कोठपर्यंत येतो, हा प्रश्न आधी विचारावा. ह्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले, की चांगली माळ कोणती, ती कोठे लावावी आणि कोठे लावू नये, हे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

माळेच्या पोटात काय असते?

आपण ज्या माळेला ‘सिरीज’ म्हणतो, तिच्या नावातच तिची रचना आहे. जुन्या माळेत सहा व्होल्टचे चाळीसेक इवले दिवे एकापुढे एक असे जोडलेले असत. घरात येणारा २३० व्होल्टचा दाब त्या चाळीस दिव्यांत वाटला जाई आणि प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येत. एक दिवा गेला, की सारी माळ अंधारी होई. मग घरातील एखादा हौशी मुलगा गेलेला दिवा कापून टाकी आणि दोन्ही तारांना पीळ देऊन त्यावर चिकटपट्टी गुंडाळी. अशा रीतीने पाच दिवे काढले, की उरलेल्या पस्तीस दिव्यांवर प्रत्येकी साडेसहा व्होल्टहून अधिक दाब येतो आणि प्रत्येक दिव्यात खर्च होणारी शक्ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढते. दिवे अधिक तेजाळ दिसतात, घरातील मंडळी खूश होतात. परंतु ते तेज म्हणजे ज्वर चढल्याची खूण असते. ते दिवे भराभर जातात आणि पिळलेल्या प्रत्येक सांध्याशी एक नवे दुखणे जन्माला येते.

ह्या रचनेतून आणखी एक गोष्ट निघते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. माळ मध्येच तुटली, तर ती विझते. पण ती निर्जीव होत नाही. प्रवाह थांबला, की दिव्यांत दाब वाटला जाण्याची क्रियाही थांबते आणि तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये सबंध २३० व्होल्ट उभे राहतात. विझलेल्या माळेत आता काय उरले आहे, असे म्हणून जो ती तुटकी टोके बोटांनी जुळवू पाहतो, तो साक्षात घरच्या मुख्य वाहिनीलाच हात घालीत असतो. माळेला हात लावण्यापूर्वी पिन सॉकेटातून बाहेर काढावी, नुसते बटन बंद करून थांबू नये. पुष्कळ घरांत एक्स्टेन्शन बोर्डाच्या तारा उलटसुलट जोडलेल्या असतात. तशा बोर्डावरचे बटन बंद केल्यावर न्यूट्रल तुटतो आणि फेजची तार माळेत जिवंतच राहते.

एलईडीची माळ आली तेव्हा हा सारा प्रकार संपला, असा एक समज पसरला. एलईडीला दोन-तीन व्होल्ट पुरतात, तेव्हा त्या माळेचा झटका कसा लागेल, असे विचारले जाते. येथेच गफलत होते. बाजारातील स्वस्त एलईडी माळही थेट सॉकेटातच खोचली जाते. तिच्या मधल्या डबीत विजेचा प्रवाह एका दिशेचा करण्याची आणि दिव्यांचा खेळ बदलण्याची सोय असते, परंतु घरच्या वाहिनीपासून माळेला अलग करणारे असे त्या डबीत काहीच नसते. एका दिव्याच्या दोन पायांमधील दाब तीन व्होल्ट असेलही. पण त्याच दिव्याच्या पायात आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसात मात्र घरच्या वाहिनीचा पुरा दाब असू शकतो. अशा माळेतील दिव्याच्या मुळाशी वेष्टन निघून तार उघडी पडली असेल, तर ती उघडी तार सॉकेटाइतकीच घातक समजावी.

बारीक तारेचे गणित

आता तारेकडे वळू. एक एलईडी माळ साधारणतः सहा वॅट वीज घेते, म्हणजे तिच्यातून वाहणारा प्रवाह एका अँपिअरच्या तीस-चाळिसाव्या हिश्श्याइतका अल्प असतो. एवढ्या प्रवाहाला केसासारखी तार पुरते, असे कारखानदार म्हणेल आणि सर्व काही सुरळीत असताना ते खरेही आहे. तारेची परीक्षा होते ती काही बिघडल्यावर. माळ खिडकीच्या दारात चिरडली जाते, खिळा तिच्या वेष्टनातून आत शिरतो, उंदीर कुरतडतो, आणि दोन तारा एकमेकींना चिकटतात. त्या क्षणी काय घडते, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, माळ दहा मीटर लांब आहे, तिच्यात शेवटपर्यंत जाणाऱ्या दोन तारा आहेत, प्रत्येक तारेचा छेद एका चौरस मिलिमीटरचा दहावा भाग आहे आणि तारा टोकाशी एकमेकींना चिकटल्या आहेत. प्रवाहाला जाऊन येऊन वीस मीटरचा रस्ता आहे. तार शुद्ध तांब्याची असेल, तर ह्या रस्त्याचा विरोध साडेतीन ओहमच्या आसपास भरतो. २३० व्होल्टच्या दाबाखाली त्यातून पासष्ट अँपिअरहून अधिक प्रवाह उसळतो. घरच्या फळीवरचा सहा अँपिअरचा एमसीबी एवढा लोंढा पाहताच निमिषार्धात खाली पडतो. घरात अंधार होतो, एक काळा ठिपका उठतो, आणि प्रकरण तेथेच मिटते.

आता तीच तार लोखंडाची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली आहे, असे धरू. स्वस्त माळांत अशी तार सर्रास आढळते. लोखंडाचा विरोध तांब्याच्या सुमारे सहापट. तेव्हा त्याच वीस मीटरचा विरोध वीस ओहमवर जातो आणि प्रवाह साडेअकरा अँपिअरवर अडतो. सहा अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह दुपटीहूनही कमी आहे. तो पडेल, पण लगेच नव्हे, त्याला कदाचित काही मिनिटेही लागतील. एमसीबी दहा अँपिअरचा असेल, तर तो तासाभरात पडेलच असे सांगता येत नाही; सोळाचा असेल, तर त्याला ह्या प्रवाहाची दखल घेण्याचे कारणच नाही. दरम्यान त्या बारीक तारेत अडीच हजार वॅटहून अधिक उष्णता निर्माण होत राहते. दीड हजार वॅटची इस्त्री आणि हजार वॅटची पाणी तापविण्याची कांडी एकत्र करून ती आपण पडद्यावर, कागदी तोरणावर आणि लाकडी चौकटीवर पसरावी, तसा हा प्रकार होय. वेष्टनाचे प्लॅस्टिक ओघळते आणि जवळ जे असेल ते पेट घेते.

एमसीबी लावला आहे, मग काळजी कसली, असे म्हणणाऱ्यांनी हे गणित ध्यानात ठेवावे. एमसीबी हा भिंतीतल्या जाड तारांचा राखणदार आहे. बाजारातून आणलेल्या बारीक तारेची त्याला ओळख नसते.

मग गिऱ्हाइकाने तार पारखावी कशी? त्याला एक लहानसे लोहचुंबक पुरे. माळेच्या तारेला चुंबक लावावे. तार त्याकडे ओढली गेली, तर तिच्या पोटात लोखंड आहे हे निश्चित समजावे आणि ती माळ खाली ठेवावी. चुंबकाला न चिकटणारी प्रत्येक तार तांब्याचीच असते, असे मात्र नाही. ॲल्युमिनियमवरही मुलामा देता येतो आणि ते चुंबकाकडे जात नाही. म्हणून दुसरी खूण पाहावी. चांगल्या माळेच्या खोक्यावर किंवा तारेवर तिचा छेद छापलेला असतो. अर्धा किंवा पाऊण चौरस मिलिमीटर असा आकडा दिसल्यास ती तार हिशेबाने निवडली आहे असे मानण्यास हरकत नाही. तिसरी खूण पिनेची. पिन घट्ट, सांध्याविना साच्यात ओतलेली असावी आणि तार तिच्यात शिरते तेथे वाकविल्यास आतली तार दिसू नये. काही माळांच्या पिनेतच लहानसा फ्यूज बसविलेला असतो. अशी माळ मिळाल्यास अवश्य घ्यावी, कारण हा फ्यूज त्या बारीक तारेच्या मापाचा असतो आणि घरच्या एमसीबीला जे जमत नाही ते तो करतो.

दाब दारातच थांबवावा

तारेचे हे सारे दुखणे मुळातूनच टाळण्याचा एक मार्ग आहे आणि तो आता बाजारात सहज मिळतो. ज्या माळेसोबत मोबाइलच्या चार्जरसारखा अ‍ॅडाप्टर येतो, तिच्यात २३० व्होल्टचा दाब त्या अ‍ॅडाप्टरपाशीच संपतो. पुढे माळेत जातात ते चोवीस किंवा एकतीस व्होल्ट. काही माळांत तर केवळ पाच. अ‍ॅडाप्टरच्या आत दोन वेटोळी असतात. एक घराच्या बाजूचे, दुसरे माळेच्या बाजूचे, आणि त्यांच्यात तारेचा संबंध नसतो. शक्ती पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने. त्यामुळे माळेतील उघड्या तारेला कोरड्या हाताचे बोट लागले, तरी धोक्याचा झटका बसत नाही.

ह्याहून मोठा लाभ आगीच्या बाबतीत होतो. वरच्या उदाहरणातील लोखंडी तार जेथे अडीच हजार वॅट ओकत होती, तेथे सहा वॅटचा अ‍ॅडाप्टर फार तर आठ-दहा वॅट देऊन हात टेकतो. तार तीच, चूक तीच. परंतु संकटाला खाण्यासाठी इंधनच उरत नाही. म्हणून आमचे मत असे, की जेथे मुलांचे हात पोहोचतात, जेथे पाणी येते आणि जेथे लोखंड आहे, तेथे अ‍ॅडाप्टरची माळच लावावी. तुळशीवृंदावन, देवघराची कमान, गच्चीचा कठडा, बाल्कनीची जाळी आणि अंगणातील फाटक ही ती ठिकाणे होत. थेट सॉकेटात खोचायची माळ लावायचीच असेल, तर ती उंच, कोरड्या आणि लाकडी वा सिमेंटच्या जागी लावावी. लोखंडी जाळीवर ती कदापि गुंडाळू नये. एका ठिकाणी वेष्टन सोलले, की सबंध जाळीत वीज उतरते आणि ती जाळी कोण केव्हा धरील, ह्याचा नेम नसतो.

अ‍ॅडाप्टरच्या माळेलाही मर्यादा आहेत, त्या लपविण्याचे कारण नाही. दाब कमी असल्याने तारेच्या लांबीत तो लवकर खर्ची पडतो आणि दूरच्या टोकाचे दिवे फिके दिसू लागतात. म्हणून एका अ‍ॅडाप्टरला माळांमागून माळा जोडण्याऐवजी लांब भिंतीसाठी दोन-तीन स्वतंत्र माळा घ्याव्यात. दुसरे असे, की अ‍ॅडाप्टरच निकृष्ट असेल, तर त्याच्या दोन बाजूंमधील अडसर फुटू शकतो आणि मग २३० व्होल्ट सरळ माळेत येतात. चांगल्या अ‍ॅडाप्टरवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते. आत दुहेरी वेष्टन आहे, असा तिचा अर्थ. आत येणारा आणि बाहेर जाणारा दाब, असे दोन्ही आकडे त्यावर स्पष्ट छापलेले असावेत. ज्या अ‍ॅडाप्टरवर काहीच छापलेले नाही, त्याच्यावर विश्वास टाकण्यास आधार नाही.

पाऊस आणि ‘आयपी’चे दोन अंक

पाण्याचा विषय नागपूरकरांना नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २०२३ साली १९ सप्टेंबरला श्रीगणेशाचे आगमन झाले, आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत झालेल्या धुवाधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आरास मांडलेल्या कित्येक घरांत त्या पहाटे पाणी होते. असा प्रसंग नेहमी येत नाही हे खरे; पण गणेशोत्सव बहुधा पावसाळ्यातच येतो आणि दिवाळीतही एखादी अवकाळी सर येऊन जाते. तेव्हा बाहेर लावावयाच्या माळेला पाण्याची परीक्षा द्यावीच लागणार.

ह्या परीक्षेचे गुण खोक्यावर छापलेले असतात. ‘आयपी’ ही अक्षरे आणि त्यापुढे दोन अंक, असे त्यांचे रूप. पहिला अंक धूळ व बारीक वस्तू ह्यांपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. आयपी २० म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. अशी माळ केवळ घरातली. आयपी ४४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे सोसणारी. पागोळ्यांआड असलेल्या व्हरांड्यास ती पुरते. उघड्या गच्चीवर वा फाटकावर आयपी ६५ असावी. ती पाण्याचा झोतही सोसते. आयपी ६७ची माळ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली, तरी आत पाणी घेत नाही.

येथे एक फसगत नेहमी होते. खोक्यावर आयपी ६५ छापलेले असते, ते माळेपुरते. तिचा अ‍ॅडाप्टर किंवा पिन आयपी २०चीच असते. गृहस्थ सारी माळ निःशंकपणे गच्चीवर टांगतो आणि अ‍ॅडाप्टरही तेथेच एक्स्टेन्शन बोर्डात अडकवितो. तो बोर्ड मग पावसात भिजतो. अ‍ॅडाप्टर आणि बोर्ड घरात ठेवून केवळ कमी दाबाची तार खिडकीतून बाहेर न्यावी, हा ह्यावरील सोपा उपाय आहे. पाण्यात बुडालेला अ‍ॅडाप्टर उन्हात वाळवून पुन्हा लावण्याचा मोह मात्र आवरावा. वरून तो कोरडा दिसतो, परंतु आत गाळ व क्षार राहून जातात आणि विजेला नवी वाट करून देतात.

नाव कोणाचे, नोंद कोणाची?

तार पारखली, अ‍ॅडाप्टर पाहिला. परंतु आतील बांधणी गिऱ्हाइकाला उघडून पाहता येत नाही. त्यासाठी कोणीतरी तपासून दिलेली ग्वाही लागते. आपल्या देशात हे काम भारतीय मानक ब्युरो करतो. पूर्वीची भारतीय मानक संस्था १९८७ साली ब्युरो झाली, आणि ‘आयएसआय’ हे तिचे जुने चिन्ह आजही घराघरांत ओळखीचे आहे. भिंतीतून वा बोर्डापर्यंत न्यावयाची तार घेताना तेच चिन्ह आणि त्यासोबत आय.एस. ६९४ हा क्रमांक पाहावा. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेल्या तारांचे ते मानक आहे.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२च्या आदेशाने सक्तीच्या नोंदणीची निराळी पद्धत सुरू झाली आणि पुढे एलईडीच्या दिव्यांचाही तीत समावेश झाला. दिव्यांच्या साधनांचे मानक आय.एस. १०३२२ ह्या मालिकेत आहे. नोंदणी झालेल्या वस्तूवर इंग्रजी ‘आर’ हे अक्षर, आडवी रेघ आणि आठ अंक असा क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ह्या मोबाइल अ‍ॅपमध्ये हा क्रमांक घातला, की कारखान्याचे नाव, पत्ता, वस्तूचा प्रकार, तिची छाप आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे समोर येते. दुकानात उभ्या उभ्या हे काम एका मिनिटात होते.

केवळ क्रमांक सापडला, एवढ्यावर समाधान मानू नये. वस्तूचा प्रकार आणि छाप वाचून पाहावी. खोक्यावर माळेचे चित्र आणि अ‍ॅपमध्ये मात्र मोबाइलचा चार्जर, असे दिसले, तर तो क्रमांक उसना घेतलेला आहे. कधी क्रमांक खरा असतो, पण तो सोबतच्या अ‍ॅडाप्टरचा. माळेची नोंद निराळीच राहते. ‘सीई’ ही अक्षरे पाहूनही हुरळून जाऊ नये. ते युरोपच्या बाजारपेठेसाठी उत्पादकाने स्वतः केलेले निवेदन असते, भारतीय मानकाशी त्याचा संबंध नाही.

फिलिप्स, हॅवेल्स, विप्रो, बजाज, क्रॉम्प्टन ही दिव्यांच्या धंद्यातील जुनी व परिचित नावे आहेत आणि नामांकित कंपनीच्या मालामागे तक्रार करण्यास एक पत्ता असतो, हा मोठा लाभ. परंतु अशी नावे खोक्यावर छापणे नक्कल करणाऱ्यालाही अवघड नसते, कधी नावातील एखादे अक्षर बदलूनही गिऱ्हाइकाला चकविले जाते. म्हणून नाव आणि क्रमांक दोन्ही जुळवावीत, आणि पक्की पावती घ्यावी. पावती न देणाऱ्या दुकानात कितीही नामांकित खोके मिळाले, तरी त्या नावाचा उपयोग दुकानाबाहेर पडताच संपतो. चिन्हाचा गैरवापर झाला असे दिसल्यास त्याच अ‍ॅपवरून तक्रार करता येते. ब्युरोचे शाखा कार्यालय नागपुरातही आहे.

विजेचा हिशेब

आता वीज किती लागते, ते पाहू. एका दुमजली घराला सहा वॅटच्या दहा माळा लावल्या आणि त्या वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत सहा दिवस, रोज पाच तास तेवल्या, तर सारा खर्च एक युनिट आणि आणखी आठ दशांश इतका होतो. दोन युनिटसुद्धा नव्हे. तेव्हा सहा वॅटची माळ टाकून पाच वॅटची शोधण्यात, किंवा ‘वीज वाचवा’ अशा ठळक अक्षरांसाठी अधिक पैसे मोजण्यात काही हशील नाही. तेच पैसे चांगल्या तारेसाठी व अ‍ॅडाप्टरसाठी द्यावेत.

खरी बचत निराळ्याच ठिकाणी आहे. ज्याला आपण ‘झिरोचा बल्ब’ म्हणतो, तो नावाप्रमाणे शून्य वॅटचा नसतो. तो बारा ते पंधरा वॅट खातो. एखाद्या मंडळाच्या मंडपावर पंधरा वॅटचे शंभर बल्ब दहा दिवस, रोज पाच तास लावले, तर पंचाहत्तर युनिट लागतात. अर्ध्या वॅटच्या शंभर एलईडी बल्बांना तेवढ्याच काळात अडीच. पाचशे वॅटचे दोन हॅलोजन फोकस तेवढ्याच काळात पन्नास युनिट घेतात. त्यांच्या जागी पन्नास वॅटचे दोन एलईडी फोकस पाच युनिटांत भागवितात. शिवाय हॅलोजनची काच एवढी तापते, की मंडपाचे कापड जवळ असल्यास ते पेटण्यास वेळ लागत नाही. एका युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो, आणि तो आपल्या कोराडी-खापरखेड्यालाच जळतो, हे नागपूरकरांनी निराळे आठवायला नको.

हाच न्याय आकाशकंदिलाला लागू आहे. कागदी कंदिलात साठ वॅटचा जुना बल्ब लावला, तर दोन-तीन तासांत कागद करपू लागतो. सात किंवा नऊ वॅटचा एलईडी बल्ब तेवढाच उजेड देतो आणि कागद जपतो. होल्डर मात्र घट्ट, न तडकलेला असावा आणि कंदिलाचा भार तारेवर न पडता निराळ्या दोरीवर पडावा.

लावताना आणि लावल्यावर

माळ घरी आणल्यावर ती गुंडाळीतून पूर्ण मोकळी करावी आणि डोळ्यांसमोर अर्धा तास जळू द्यावी. मग हाताच्या मागच्या बाजूने पिन, डबी आणि अ‍ॅडाप्टर चाचपावे. कोमट लागले तर ठीक; हात ठेववत नसेल किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर पावती घेऊन दुकान गाठावे. माळेला माळ जोडावयाची असेल, तर खोक्यावर लिहिलेल्या संख्येपलीकडे जाऊ नये, कारण साऱ्या माळांचा प्रवाह पहिल्या माळेच्या तारेतून जातो. पिन नसलेल्या उघड्या तारा आगपेटीच्या काडीने सॉकेटात खोचण्याची जी रीत अजूनही दिसते, ती तर मुळीच नको. तेथील सैल सांध्यात ठिणग्या पडतात आणि एमसीबीला त्यांचा पत्ता लागत नाही.

घरच्या फळीवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे हे दिवाळीतील सर्वांत मोलाचे कवच होय. विजेचा थोडासा अंश जरी कोणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला, तरी तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटन वसुबारसेच्या आदल्या दिवशी एकदा दाबून पाहावे. आरसीसीबी पडला, तर तो जागा आहे. न पडल्यास वायरमनला बोलवावे. ह्या कवचालाही एक छिद्र आहे. माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर जमिनीत काहीच जात नाही आणि आरसीसीबीला काही कळत नाही. तुटक्या माळेची दोन टोके दोन हातांत धरणारा माणूस नेमका तेच करीत असतो. आणि माळ लावल्यावर आरसीसीबी वारंवार पडू लागला, तर त्याला दोष देऊन तो वगळू नये. माळाच एकेक करून काढाव्यात, म्हणजे दोषी माळ सापडते.

सार्वजनिक मंडळांनी रस्त्यावरच्या खांबावरून किंवा शेजारच्या घरातून तार ओढू नये. महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी देते, ती घ्यावी; तीत मीटर आणि सुरक्षेची साधने असतात. वाहिनीत बिघाड दिसल्यास १९१२ हा क्रमांक फिरवावा, स्वतः खांबापाशी जाऊ नये.

भाऊबीज झाली, की माळा उतरवून सैल वेटोळे करून कोरड्या डब्यात ठेवाव्यात. घट्ट गुंडाळलेली तार पिळापाशी आतून तुटते. पुढच्या वर्षी त्या लावण्यापूर्वी सबंध लांबी बोटांतून फिरवून पाहावी, अर्थात पिन बाहेर ठेवून. जेथे वेष्टन तडकले असेल, ती माळ चिकटपट्टीने वाचवू नये, टाकून द्यावी. वाचकांच्या घरी ही दीपावली निर्विघ्न उजळो, ही आमची शुभेच्छा.